दोन गुणांकांत दडलेली तेजी-मंदी

मे १९३९ मध्ये अमेरिकेतल्या 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टॅटिस्टिक्स' या नियतकालिकात जेमतेम चार पानांचा एक लेख छापून आला. लेखक होते पॉल सॅम्युअलसन, हार्वर्डमधले चोविशीतले संशोधक. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना पुढे १९७० मध्ये मिळालं, पण या लेखाच्या वेळी ते आपले ज्येष्ठ सहकारी आल्विन हॅन्सन यांनी मांडलेलं एक कोडं सोडवत होते. महामंदीने पोळलेल्या अमेरिकेत तेव्हा सरकारने खर्च वाढवावा का, यावर रण माजलं होतं. हॅन्सन यांनी विचारलं होतं ते त्याच्या पुढचं होतं: सरकारने दर काळात ठरावीक खर्च सुरू केला आणि तो तसाच चालू ठेवला, तर राष्ट्रीय उत्पन्न सरळ चढत जाऊन स्थिरावेल, की वरखाली हेलकावे खाईल?

प्रश्न अर्थशास्त्राचा असला तरी त्याचं उत्तर देणारं गणित आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'एम-थ्री'च्या पेपरात भेटतं. झेड-ट्रान्स्फॉर्म, त्याचा इन्व्हर्स, आंशिक अपूर्णांक. बहुतेक मुलं ते गाइडमधून पाठ करतात, पेपर सुटतो आणि विषयही सुटतो. इतक्या आकड्यांची मोडतोड करून शेवटी कळतं काय, हे विचारायचं राहूनच जातं. सॅम्युअलसन यांचं उदाहरण त्यासाठी फार सोयीचं आहे, कारण त्यातले आकडे गोड आहेत आणि उत्तर अनपेक्षित आहे.

आधी मांडणी. एका काळातलं राष्ट्रीय उत्पन्न तीन गोष्टींच्या बेरजेतून येतं. पहिली, सरकारचा खर्च. तो आपण दर काळाला १ धरू. एकक कोणतंही घ्या, अब्ज डॉलर म्हणा. दुसरी, लोकांचा खर्च. गेल्या काळात हाती आलेल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा लोक या काळात खर्च करतात. हा हिस्सा म्हणजे अल्फा. तिसरी, कारखानदारांची गुंतवणूक, आणि खरी गंमत इथे आहे. मागणी जास्त आहे म्हणून कोणी नवं यंत्र घेत नाही. असलेली यंत्रं ती मागणी भागवतच असतात. नवं यंत्र घेतलं जातं ते मागणी वाढली म्हणून. म्हणजे गुंतवणूक लोकांच्या खर्चावर नव्हे, त्या खर्चात झालेल्या वाढीवर ठरते. वाढीच्या किती पट, तो आकडा बीटा. खर्च घटला की ही गुंतवणूक उणे होते.

तिन्ही एकत्र केल्यावर हे समीकरण उरतं:

```
y[n] = 1 + α(1+β)·y[n-1] − αβ·y[n-2]
```

याला डिफरन्स इक्वेशन म्हणतात. आजचा आकडा कालच्या आणि परवाच्या आकड्यांवरून काढायचा, एवढंच ते सांगतं. सॅम्युअलसन यांच्या पहिल्या तक्त्यात अल्फा ०.५ आणि बीटा १ आहे. हे आकडे घातले की समीकरण फारच सुटसुटीत होतं:

```
y[n] = 1 + y[n-1] − 0.5·y[n-2]
```

सुरुवातीआधी सगळं शून्य होतं असं धरून हाताने चालवून बघा. पहिलं उत्पन्न १. मग २. मग २.५, पुन्हा २.५, मग २.२५, २, १.८७५, १.८७५, १.९३७५, आणि पुन्हा २. सरकारने खर्चात एका पैचाही फरक केलेला नाही, तरी उत्पन्न २.५ पर्यंत चढलं, मग १.८७५ पर्यंत उतरलं आणि परत चढू लागलं. तेजी आणि मंदी दोन्ही आल्या, आणि त्या बाहेरून कोणी आणलेल्या नाहीत.

पण हा झाला एका जोडीचा हिशोब. अल्फा किंवा बीटा जरा बदलला की आकडेमोड पहिल्यापासून करावी लागते, आणि ती दहा पायऱ्यांपर्यंत केली तरी अकराव्या पायरीला काय होईल याची हमी मिळत नाही. पायरीपायरीने न चढता थेट शंभराव्या काळाचं उत्पन्न सांगणारं सूत्र हवं असेल, तर झेड-ट्रान्स्फॉर्म कामाला येतो.

त्याची कल्पना साधी आहे. आकड्यांची रांग घ्यायची, पहिला तसाच ठेवायचा, दुसऱ्याला z ने भागायचं, तिसऱ्याला z च्या वर्गाने, आणि असं करत सगळ्यांची बेरीज करायची. अख्खी रांग एका पदावलीत बसते. Z चा घात हा नुसता पत्ता असतो, कुठला आकडा कितव्या काळाचा हे सांगणारा. यातून दोन फायदे होतात. एक म्हणजे 'एक काळ मागे' जाणं हे z ने भागणं होऊन बसतं, त्यामुळे डिफरन्स इक्वेशनचं साधं बीजगणित होतं. दुसरा फायदा असा की p च्या घातांची रांग, म्हणजे १, p, p चा वर्ग, p चा घन अशी भूमिती श्रेढी, z/(z−p) या एवढ्याशा अपूर्णांकात मावते. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण परतीचा सगळा रस्ता त्याच्यावरूनच जातो.

सरकारचा कायमचा १ म्हणजे p = १ असलेली श्रेढी, तेव्हा तिचा अपूर्णांक z/(z−1). तो आणि समीकरणाची उरलेली बाजू एकत्र केली की उत्पन्नाचा ट्रान्स्फॉर्म असा येतो:

```
Y(z) = z³ / [(z − 1)(z² − z + 0.5)]
```

छेदाकडे नीट बघा. त्यात दोन तुकडे आहेत आणि ते दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेत. (z − 1) हा सरकारच्या खर्चाचा ठसा आहे. (z² − z + 0.5) हा अर्थव्यवस्थेचा स्वतःचा, मूळ समीकरणातले गुणांक जसेच्या तसे त्यात उतरलेत. छेद जिथे शून्य होतो त्या z च्या किमतींना पोल म्हणतात. म्हणजे काही पोल बाहेरून आलेल्या गोष्टीचे आणि काही घरचे.

आता उलटा प्रवास. हा एवढा मोठा अपूर्णांक कुठल्याही तक्त्यात सापडत नाही, पण z/(z−p) सापडतो. तेव्हा मोठ्याचे छोटे करायचे. इथे एक पथ्य आहे: आंशिक अपूर्णांक पाडायच्या आधी Y(z) ला z ने भागून ठेवायचं, तुकडे झाले की प्रत्येकाला z ने परत गुणायचं. कारण तक्त्यातल्या अपूर्णांकाला अंशात z लागतो. जे हे विसरतात त्यांना A/(z−p) असे तुकडे मिळतात, ते त्याचा अर्थ घाईघाईत p चा n वा घात असा लावतात, आणि ती रांग एक काळ सरकून बसते. उत्तर दिसायला अगदी बरोबर असतं; चूक उघडी पडते ती n = ० घालून पाहिलं की. आपल्या उदाहरणात तिथे १ यायलाच हवा.

z ने भागल्यावर तुकडे असे मांडायचे:

```
z² / [(z−1)(z²−z+0.5)] = A/(z−1) + (Bz+C)/(z²−z+0.5)
```

A काढायला छेदातला (z−1) झाकून उरलेल्यात z = १ घालायचं. वर १, खाली १ − १ + ०.५ म्हणजे ०.५. A = २. मग दोन्ही बाजू छेदाने गुणून z च्या वर्गाचे सहगुणक जुळवले की १ = २ + B, म्हणजे B = −१. स्थिर पद जुळवलं की ० = १ − C, म्हणजे C = १. उरलेलं z चं पद ताळ्यासाठी: −२ + C − B = −२ + १ + १ = ०. डावीकडे z चं पद नाहीच, तेव्हा ताळा जमला. z ने परत गुणल्यावर:

```
Y(z) = 2z/(z−1) − z(z−1)/(z²−z+0.5)
```

पहिला तुकडा वाचायला काहीच कष्ट नाहीत. तो म्हणजे कायमचा २. उत्पन्न शेवटी जिथे जाऊन टेकणार तो मुक्काम. दुसऱ्या तुकड्यात अर्थव्यवस्थेचे घरचे पोल आहेत. z² − z + 0.5 = 0 हे वर्गसमीकरण सोडवलं तर मुळे संमिश्र येतात, ०.५ + ०.५j आणि ०.५ − ०.५j. संमिश्र म्हटलं की वाचक दचकतो, डॉलरमध्ये काल्पनिक भाग कुठून आला म्हणून. पण दोन्ही मुळे नेहमी जोडीने येतात आणि त्यांचे काल्पनिक भाग एकमेकांना खोडतात. उरतं ते त्यांचं फिरणं. अशा संख्येचा एकेक घात वाढवत गेलं की ती दर पायरीला ठरावीक कोनातून वळते आणि ठरावीक पटीने लहान किंवा मोठी होते. आपली संख्या शून्यापासून ०.७०७१ अंतरावर आहे आणि तिचा कोन ४५ अंश. म्हणून दर काळाला ती ४५ अंश वळणार आणि ०.७०७१ पट उरणार. वळणं म्हणजे साइन-कोसाइन, आणि सूत्र असं तयार होतं:

```
y[n] = 2 + (0.7071)ⁿ · [sin(45°·n) − cos(45°·n)]
```

n = ० ला कंसात −१ येतो, उत्तर १. n = १ ला साइन आणि कोसाइन सारखेच, कंस शून्य, उत्तर २. n = २ ला ०.७०७१ चा वर्ग ०.५, कंस १, उत्तर २.५. हाताने काढलेली रांग तंतोतंत परत आली. शंभरावा काळ हवा असेल तर आता नव्व्याण्णव पायऱ्या चढायची गरज नाही.

एवढा खटाटोप केल्यावर लक्षात येतं की यातल्या बऱ्याच गोष्टी खटाटोप न करताच दिसत होत्या, मूळ समीकरणातच. मुक्काम हवा असेल तर तिन्ही y सारखे धरायचे: y = १ + y − ०.५y, म्हणून y = २. अंतर ०.७०७१ हे शेवटच्या गुणांकाचं, म्हणजे ०.५ चं, वर्गमूळ आहे. वर्गसमीकरणाच्या मुळांचा गुणाकार शेवटच्या पदाएवढा असतो हे नववी-दहावीचं ज्ञान. हेलकावे येणार की नाही हे विवेचकावरून कळतं: मधल्या गुणांकाचा वर्ग १, शेवटच्याची चौपट २, वर्ग लहान, म्हणून मुळे संमिश्र, म्हणून हेलकावे. आणि ४५ अंशांनी एक फेरी पुरी व्हायला आठ काळ लागतात, म्हणून तेजीपासून तेजीपर्यंतचं अंतर आठ. दर फेरीत हेलकाव्याचा आकार सोळाव्या हिश्शावर येतो, कारण ०.७०७१ चा आठवा घात १/१६ आहे. म्हणजे पहिली तेजी जाणवते, दुसरी जेमतेम, तिसरी आकडेवारीच्या गदारोळात हरवते.

आता अल्फा-बीटा मोकळे सोडा. मुक्काम निघतो १/(1−α). त्यात बीटा कुठेच नाही. गुंतवणूकदार थंड डोक्याचे असोत की उतावीळ, मुक्कामाचं ठिकाण तेच. बीटा ठरवतो तो प्रवास, आणि मुक्कामाला पोचणं होईल का हेही. शेवटचा गुणांक αβ. तो १ पेक्षा लहान असेल तर हेलकावे विझतात, मोठा असेल तर वाढत जातात.

एक सावधगिरी. नुसत्या गुणाकारावर विसंबणं सगळ्याच समीकरणांना चालत नाही. मुळे ०.३ आणि २ असली तर गुणाकार ०.६ दिसतो, पण २ चे घात स्फोट घडवणारच. इथे तसं होत नाही कारण अल्फा १ पेक्षा लहान आहे, ०.३ आणि २ यायला अल्फा १.७ लागला असता, म्हणजे लोकांनी कमाईच्या पावणेदोन पट उधळायला हवी होती.

सॅम्युअलसन यांच्या दुसऱ्या तक्त्यात चार जोड्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. बीटा शून्य ठेवला की गुंतवणूक गप्प बसते, १, १.५, १.७५ असं उत्पन्न निमूटपणे २ कडे जातं. अल्फा ०.५ तसाच ठेवून बीटा २ केला की αβ बरोबर १ होतो, पोल शून्यापासून नेमके १ अंतरावर जाऊन बसतात, आणि हेलकावे ना वाढतात ना विझतात. बीटा २ ठेवून अल्फा फक्त ०.६ केला की αβ १.२ होतो: १, २.८, ४.८४, ६.३५२ असं चढून मग खाली, आणि दर फेरीत आधीपेक्षा मोठा झोका. अल्फा ०.८ आणि बीटा ४ घेतला की मुळे पुन्हा वास्तव होतात, २.८९ आणि १.११, आता झोकाही नाही, १, ५, १७.८, ५६.२ असं उत्पन्न थेट आकाशाला भिडतं. हे चार नमुने त्यांनी अल्फा-बीटाच्या नकाशावर चार प्रदेशांत वाटून दाखवले. त्या चार पानांचं खरं काम म्हणजे हा नकाशा. कोणत्याही देशाची जोडी त्यावर ठेवा, वळण कळेल.

दोन प्रदेशांच्या सीमारेषेवर पाय पडला तर तेवढ्यापुरता नियम बदलतो. अल्फा ०.७५ आणि बीटा एक तृतीयांश घेतला तर छेदात (z − 0.5) दोनदा येतो. मग एकाच पोलाचे दोन तुकडे पाडावे लागतात, आणि उत्तरात ०.५ च्या घातासोबत n गुणिले ०.५ चा घात असंही पद येतं. ते सुरुवातीला जरा रेंगाळतं, पण शेवटी घातच जिंकतो.

याच तक्त्यात एक सापळाही आहे आणि त्यात भलेभले सापडतात. झेड-ट्रान्स्फॉर्मसोबत अंतिम मूल्याचं एक प्रमेय शिकवतात: Y(z) ला (z−1) ने गुणा, z = १ घाला, रांग शेवटी कुठे पोचते ते मिळेल. अल्फा ०.६ आणि बीटा २ वर ते लावून बघा. उत्तर येतं २.५. स्वच्छ, नीटनेटका आकडा, आणि धादांत खोटा, कारण ही रांग २.५ च्या भोवती दर फेरीत मोठे झोके घेत सुटलेली असते. प्रमेय चुकीचं नाही. घरचे सगळे पोल शून्यापासून १ पेक्षा कमी अंतरावर असतील तरच ते लागू पडतं, ही अट आधी तपासायची असते. आंशिक अपूर्णांक पाडले असते तर २.५ शेजारी वाढत जाणारा तुकडा डोळ्यांना दिसला असता. प्रमेय तो तुकडा गिळून टाकतं.

इतिहासाची एक नोंद करायला हवी. सॅम्युअलसन यांनी 'झेड-ट्रान्स्फॉर्म' हा शब्द वापरला नाही, वापरणं शक्यही नव्हतं. रांगेला घातांच्या मालिकेत गुंफायची युक्ती अब्राहम द म्वाव्र आणि लाप्लास यांच्यापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून चालत आलेली. दुसऱ्या महायुद्धात रडार ठरावीक अंतराने ठिपके पाहू लागलं आणि तुटक आकड्यांवर यंत्रं चालवायचा प्रश्न इंजिनिअरांपुढे आला, तेव्हा तिची पुन्हा गरज पडली. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन रागाझिनी आणि लोत्फी झादे यांनी तिला आजचं नाव दिलं. झादे म्हणजे पुढे फझी लॉजिकमुळे गाजलेले तेच. सॅम्युअलसन यांनी मुळे थेट वर्गसमीकरणातून काढली होती. मुळे तीच, वर्गसमीकरणही तेच. आंशिक अपूर्णांकांनी मिळतं ते जास्तीचं म्हणजे प्रत्येक मुळाचा वाटा किती, याचा हिशोब.

आता खऱ्या अर्थव्यवस्थेत हे कितपत टिकतं? αβ बरोबर १ असणं हा निव्वळ योगायोग, तो कुठलाच देश वर्षानुवर्षं सांभाळू शकत नाही. लहान असेल तर हेलकावे विझायला हवेत, पण तेजी-मंदी विझत नाही हे तर सगळे पाहतात. नॉर्वेचे राग्नार फ्रिश यांनी यावर १९३३ मध्येच एक वाट दाखवली होती: लाकडी डोलघोड्याला अधूनमधून काठीचे फटके बसत राहिले तर तो डोलतच राहतो, फटके कसेही आणि केव्हाही बसोत. दुष्काळ, युद्ध, नवा शोध हे फटके. डोलण्याची लय मात्र घोड्याची. आपल्या भाषेत, इनपुट वेडंवाकडं असलं तरी घरच्या पोलांचा कोन आणि अंतर तेच राहतं.

आणि αβ मोठा असेल तर? समीकरण म्हणतं, झोके अमर्याद वाढतील. कारखान्यांची क्षमता आणि कामगारांची संख्या म्हणते, नाही वाढणार. सॅम्युअलसन यांनी स्वतःच बजावलं होतं की हे विश्लेषण लहान हेलकाव्यांपुरतं आहे. १९५० मध्ये इंग्लंडच्या जॉन हिक्स यांनी या झोक्यांना वर छत आणि खाली जमीन घातली: पूर्ण रोजगाराच्या पलीकडे उत्पन्न जाऊ शकत नाही, आणि गुंतवणूक फार खाली गेली तरी यंत्रांच्या झिजेपेक्षा जास्त घट होऊ शकत नाही. उत्पन्न छताला टेकलं की मूळ समीकरण तेवढ्यापुरतं थांबतं, आणि परत खाली यायला लागलं की पुन्हा सुरू होतं. असे नियम आले की समीकरण रेषीय उरत नाही, छेदाचे तुकडे पाडता येत नाहीत, आणि पुन्हा १, २, २.५ असं एकेक पायरीने चालवून बघावं लागतं. फरक एवढाच की छत आणि जमिनीच्या मधल्या पट्ट्यात उत्पन्न कसं वागेल, हे दोन गुणांकांवरून आधीच सांगता येतं.